ज्वराची रेषा : संतत, सविराम आणि अल्पविराम



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला याच इमारतीत आलेख काढावयास शिकविले. चौकटीच्या कागदावर दोन बिंदू मांडून ते रेषेने जोडताना ते हमखास थांबत आणि विचारीत, "या दोन बिंदूंच्या मध्ये काय घडले, हे तुला कोणी सांगितले?" त्या वयात तो प्रश्न आम्हांला थट्टेचा वाटे. पुढे रुग्णालयात खाटेच्या पायथ्याशी टांगलेला ज्वराचा तक्ता हाती आला, तेव्हा त्या प्रश्नाची किंमत कळली. ती कशी कळली, हे मी शेवटी सांगणार आहे. तत्पूर्वी या तक्त्याचा आणि त्यावरील तीन शब्दांचा इतिहास थोडक्यात मांडतो.

ते तीन शब्द म्हणजे कंटिन्युअस, इंटरमिटंट आणि रेमिटंट. मराठीत त्यांना संतत, सविराम आणि अल्पविराम म्हणावे असे मी सुचवितो. दिवसभर ताप राहतो आणि चोवीस तासांतील त्याचा चढउतार एक अंश सेल्सिअसपेक्षा, म्हणजे फॅरनहाइटच्या सुमारे पावणेदोन अंशांपेक्षा अधिक होत नाही, तेव्हा तो संतत ज्वर. ताप काही तास येतो आणि पुन्हा अगदी नेहमीच्या तापमानावर उतरतो, तेव्हा तो सविराम. ताप बराच खाली येतो, पण नेहमीच्या रेषेला स्पर्श न करताच पुन्हा चढतो, तेव्हा तो अल्पविराम. निरनिराळ्या ग्रंथांत अंशांचे आकडे थोडेफार बदलतात. मूळ कल्पना हीच.

ही विभागणी तापमापकापेक्षा फार जुनी आहे. ग्रीक वैद्यांनी तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी येणारे ताप वेगळे ओळखले होते. आपल्याकडे चरकसंहितेने विषमज्वराचे संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक आणि चतुर्थक असे पाच प्रकार सांगितले. संतत हा सात, दहा किंवा बारा दिवस न सोडणारा. सतत अहोरात्रात दोन वेळा येणारा. अन्येद्युष्क दिवसातून एकदा, तृतीयक एका दिवसाआड आणि चतुर्थक दोन दिवसांआड येणारा. आपल्या आजीच्या बोलण्यातला एकांतरा ताप, आणि या शहरात हिंदी बोलणाऱ्यांच्या तोंडी असलेली तिजारी व चौथिया ही नावे त्याच निरीक्षणाची आहेत. गंमत अशी, की आजच्या मराठीत विषमज्वर म्हणजे टायफॉइड. ग्रंथांतला विषमज्वर मात्र बहुतांशी हिवतापाशी जुळतो. एकच शब्द दोन रोगांवर जाऊन बसला, याचे कारण या इतिहासातच दडलेले आहे.

तापमापकापूर्वी वैद्य हाताच्या स्पर्शाने आणि नाडीने ताप जोखीत. त्यामुळे ताप आला आणि गेला एवढे कळे; किती उतरला हे नेमके कळत नसे. सविराम ज्वर ओळखणे त्यांना सोपे होते, कारण मधल्या दिवशी रोगी उठून कामाला लागे. संतत आणि अल्पविराम यांतील सीमा मात्र स्पर्शाच्या आवाक्याबाहेरची होती. ही उणीव भरून काढली ती लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश यांनी. १८६८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथामागे सुमारे पंचवीस हजार रुग्णांची मोजमापे होती. त्यांचा तापमापक जवळजवळ फूटभर लांब असे आणि तो काखेत पंधरा-वीस मिनिटे धरावा लागे. सदतीस अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ फॅरनहाइट हा निरोगी माणसाचा आकडा त्यांच्यामुळेच रूढ झाला. १९९२ साली अमेरिकेत झालेल्या मोजणीत तो किंचित कमी, ९८.२ च्या आसपास भरला. तरी जुना आकडा अजून लोकांच्या तोंडी आहे. १८६७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये टॉमस क्लिफर्ड ऑलबट यांनी सहा इंचांचा, पाच मिनिटांत काम करणारा तापमापक करवून घेतला आणि ताप मोजणे हे रोजचे काम झाले.

वुंडरलिश यांचे खरे कार्य आकड्यात नव्हे, रेषेत आहे. त्यांच्यापूर्वी ताप हाच एक रोग मानला जाई. त्यांनी ताप हे रोगाचे लक्षण ठरविले. रोजचे आकडे जोडून काढलेली रेषा रोगानुसार वेगळी दिसते, हे त्यांनी दाखविले. टायफॉइडमध्ये पहिल्या आठवड्यात ती जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे चढते. प्रत्येक संध्याकाळ मागच्या संध्याकाळीपेक्षा थोडी वर. दुसऱ्या आठवड्यात ती पठारासारखी सपाट राहते. हाच संतत ज्वर. नंतर ती पुन्हा पायरीपायरीने उतरते. म्हणजे एकाच रोगाची रेषा आरंभी व अखेरीस अल्पविरामाची आणि मध्यंतरी संततची असू शकते. फुफ्फुसदाहात, म्हणजे न्यूमोनियात, औषधे नसण्याच्या काळी रेषा अनेक दिवस सपाट राहून सातव्या-नवव्या दिवसाच्या सुमारास एकदम कोसळे. रोग्याला दरदरून घाम येई, श्वास व नाडी निवत आणि घरचे लोक सुटकेचा निःश्वास टाकीत. पायरीपायरीने उतरणे आणि एकाएकी कोसळणे, हे दोन उतार आपण ध्यानात ठेवावेत अशी विनंती आहे.

सविराम ज्वराचे कोडे उलगडले ते सूक्ष्मदर्शकाने. १८८० साली अल्जीरियात लाव्हरां यांनी हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात सजीव जंतू पाहिला. पुढे १८८५-८६ मध्ये इटलीतील पाव्हिया येथे कामिल्लो गोल्जी यांनी त्या जंतूची वाढ आणि तापाची वेळ एकमेकांशी ताडून पाहिली. हा जंतू रक्ताच्या तांबड्या पेशीत वाढतो, विभागतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. असंख्य पेशी एकाच वेळी फुटल्या, की थंडी वाजून ताप भरतो. एका जातीला या चक्रास ४८ तास लागतात, तो एकांतरा. दुसरीला ७२ तास लागतात; तो चौथिया. थंडी, मग दाह, मग घाम, असा सगळा प्रकार आठ-दहा तासांत आटोपतो आणि रोगी पुन्हा आपल्या पायांवर उभा राहतो. शतकानुशतके ज्याला दैवी नियम मानले गेले, तो जंतूच्या वाढीचा कालावधी होता.

मात्र हा नियम पाळणारे जंतू सगळे एकाच वेळी जन्मलेले असावे लागतात. हिवतापाच्या पहिल्या काही दिवसांत तसे नसते. निरनिराळ्या वयाच्या तुकड्या वेगवेगळ्या वेळी फुटतात आणि ताप रोज किंवा कसाही येतो. तिसरी जात, फाल्सिपारम, तर बहुधा शेवटपर्यंत शिस्त पाळत नाही. तिचा ताप पुष्कळदा अल्पविराम असतो, आणि घातक जात नेमकी हीच. या ठिकाणी आपल्या शहराचा संबंध येतो. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या जंतूचे रंगद्रव्य पाहिले. बेगमपेठेतील त्या वास्तूवरून आपल्यापैकी अनेक जण रोज जात असतील. ज्या रोग्याचे रक्त त्या डासांना पाजले होते, त्याचे नाव हुसेन खान. चावू दिलेल्या प्रत्येक डासामागे त्याला एक आणा मिळाला. त्याच्या रक्तात चंद्रकोरीच्या आकाराचे जंतू होते, म्हणजे त्याचा हिवताप फाल्सिपारमचा होता. जगाला हिवतापाचा मार्ग दाखविणारा रोगी अशा जातीचा निघाला, जिच्या तक्त्यावरून हिवताप ओळखता येईलच असे नाही.

आता उरला तिसरा शब्द, अल्पविराम. तिघांमध्ये या शब्दाने सर्वाधिक घोटाळा केला. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील डॉक्टरांच्या नोंदवह्यांत 'रेमिटंट फीवर' हा चक्क रोग म्हणून नोंदला जाई. जो ताप स्पष्ट सविराम नाही आणि ज्याचे दुसरे नाव सुचत नाही, तो या खात्यात जमा होई. तो हिवतापाचाच भाऊ मानून क्विनीन दिले जाई. हिंदी लोकांना टायफॉइड क्वचितच होतो, अशीही एक समजूत त्या काळी पसरलेली होती. कलकत्त्याचे लिओनार्ड रॉजर्स यांनी या खात्याची तपासणी केली. सकाळ-संध्याकाळ मोजून भागत नाही, दर चार तासांनी ताप मोजला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्या तक्त्यांच्या आणि रक्ततपासणीच्या आधारे त्यांनी दाखविले, की या नावाखाली मोडणारे अनेक ताप टायफॉइडचे असतात. काळा आजार या रोगात चोवीस तासांत ताप दोनदा चढतो, हेही त्यांना चार तासांच्या तक्त्यातच दिसले. दोन वेळच्या मोजणीत ते दिसणे शक्य नव्हते. १९०८ साली त्यांचा उष्ण कटिबंधातील ज्वरांवरील ग्रंथ निघाला. एका नावाखाली लपलेले रोग असे एकेक करून वेगळे झाले. आज अल्पविराम ज्वर पाहणारा डॉक्टर त्याला रोग म्हणत नाही. टायफॉइडचा आरंभ किंवा अखेर, फाल्सिपारम, क्षय, हृदयाच्या झडपांचा जंतुदाह, शरीरात कोठे तरी साठलेला पू, अशा शक्यतांची यादी तो मनात मांडतो आणि तपासण्या सांगतो. तापाने रोज मोठी झेप घेऊन घामाबरोबर खाली यावे आणि असेच चालू राहावे, तर पुवाचा संशय अधिक.

इतका इतिहास मला पाठ होता, तरीही तक्ता वाचण्यात मी चुकलो. ती हकीकत १९६८ सालची आहे. तेव्हा मी नुकताच डॉक्टर होऊन एका रुग्णालयात उमेदवारी करीत होतो. एकोणीस वर्षांचा एक मुलगा आठ दिवसांच्या तापानंतर भरती झाला. आमच्याकडे ताप सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा वाजता मोजत. त्याच्या तक्त्यावर सकाळी ९९.८ आणि संध्याकाळी १०३.४ अशी लागोपाठ दोन दिवस नोंद होती. रेषा करवतीसारखी. आम्ही तिला अल्पविराम म्हटले, हिवताप गृहीत धरला आणि रक्ताच्या काचेवर जंतू न दिसताही क्लोरोक्विन चालू केले.

आमच्या वरिष्ठांनी तक्ता पाहून एकच प्रश्न विचारला, "सकाळी याला काय देता?" पहाटे सहाला चहाबरोबर ॲस्पिरिनच्या गोळ्या दिल्या जात होत्या. सकाळचा उतार रोगाचा नव्हता, गोळीचा होता. त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि दर चार तासांनी ताप मोजावयास सांगितले. दुसऱ्या दिवशीची नोंद अशी होती : पहाटे सहाला १०२.२, दहाला १०२.४, दुपारी दोनला १०३, संध्याकाळी सहाला १०३.६, रात्री दहाला १०३.४ आणि मध्यरात्रीनंतर दोनला १०२.६. सर्वांत वरच्या व सर्वांत खालच्या आकड्यांत अंतर अवघे १.४ अंश. करवत नाहीशी झाली आणि तिच्या जागी पठार आले. ताप संतत होता.

मग नाडीकडे लक्ष गेले. फॅरनहाइटच्या दर अंशामागे नाडी साधारणतः दहाने वाढते, असा जुना ठोकताळा आहे. ९८.६ वर ७२ धरली, तर १०३.६ वर ती १२२ च्या आसपास हवी. त्याची होती ८८. ताप चढलेला आणि नाडी मंद, शिवाय पोटात प्लीहेचे टोक हाताला लागत होते आणि रक्तातील पांढऱ्या पेशी वाढलेल्या नव्हत्या. यांतील एकही गोष्ट एकटीने टायफॉइड सिद्ध करीत नाही. सगळ्या मिळून मात्र त्याच दिशेला बोट दाखवीत होत्या. पुढे रक्तातून जंतू वाढविला गेला आणि खात्री पटली. दहाव्या दिवशी क्लोरॅम्फेनिकॉल सुरू झाले. १९४८ पासून टायफॉइडवर हेच औषध दिले जात होते. चार दिवसांनी रेषा पायरीपायरीने उतरू लागली. आम्ही निर्धास्त झालो.

सतराव्या दिवशी रात्री दोनला ताप १०१.८ होता. पहाटे सहाला तो ९७.६ झाला. मी फेरीवर गेलो, तेव्हा मुलाच्या अंगाला घाम होता आणि तो शांत पडून होता. पुस्तकातला कोसळणारा उतार माझ्या डोळ्यांपुढे आला. त्याची आई खाटेशी बसली होती. मी तिला म्हटले, "आता ताप गेला, काळजी करू नका." तिने माझ्यापुढे हात जोडले.

आमच्या तक्त्यावर तापाची रेषा काढीत. नाडीचे आकडे खाली एका ओळीत नुसते लिहून ठेवीत. ते आकडे मी वाचले नाहीत. दुपारी बाराला वॉर्डातील वयस्क सिस्टरने तक्ता माझ्यासमोर धरला. तिने तांबड्या पेन्सिलीने नाडीची रेषा काढली होती. म्हणाली, "डॉक्टर, ताप उतरला, मग नाडी का चढली?" पहाटे ९६ असलेली नाडी सहाला १२८ आणि दहाला १४० झाली होती. काळी रेषा खाली येताना तांबडी रेषा तिला छेदून वर गेली होती, आणि कागदावर एक फुली उमटली होती.

त्या फुलीचा अर्थ मला माहीत होता. न्यूमोनियात ताप कोसळतो तेव्हा नाडीही त्याच्याबरोबर खाली येते. ताप खाली आणि नाडी वर, याचा अर्थ रोग बरा होत नसून रोगी कोसळत आहे. शिवाय टायफॉइडचा ताप पायऱ्यांनी उतरतो. त्याची उडी हीच मुळात संशयास्पद. टायफॉइडच्या तिसऱ्या आठवड्यात लहान आतड्यातील व्रण रक्त सोडतो किंवा फुटतो, आणि योग्य औषध चालू असतानाही असे घडू शकते. मी पोटावर हात ठेवला. ते फळीसारखे ताठ होते. पहाटे त्याने पोट दुखते असे सांगितले होते, हे मला तेव्हा आठवले. संध्याकाळी शल्यविशारदांनी पोट उघडून आतड्याचे छिद्र शिवले. परंतु मधल्या तासांत आतड्यातील मल पोटात पसरला होता. तिसऱ्या दिवशी मुलगा गेला. वेळीच ओळखले असते तर तो वाचलाच असता, असे मी म्हणत नाही. त्या काळी अशा शस्त्रक्रियेनंतरही पुष्कळ रोगी दगावत. पण पहाटे सहा ते दुपारी बारा हे सहा तास त्याचे होते, आणि ते मी घालविले, एवढे निश्चित. त्या माउलीला मी दिलेला दिलासा मला आजही आठवतो.

आज हा तक्ता पूर्वीइतका बोलका राहिलेला नाही. पॅरासिटामॉल घरोघरी आहे. रोगी डॉक्टरांपर्यंत येण्यापूर्वीच रेषेला करवतीचे दात पडलेले असतात. प्रतिजैविके दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतात आणि टायफॉइडचे पठार क्वचितच पाहावयास मिळते. क्लोरॅम्फेनिकॉलची जागा दुसऱ्या औषधांनी घेतली, आणि त्यांतील काहींनाही जंतू दाद देईनासा झाला. म्हणून केवळ रेषेवरून निदान करणे आज चूक ठरेल. ताप कोणत्याही आकाराचा असो, हिवतापासाठी रक्ताची काच किंवा त्वरित चाचणी, आणि टायफॉइडसाठी, शक्य तो प्रतिजैविक देण्यापूर्वी, रक्तातून जंतू वाढविण्याची तपासणी, हाच खरा निर्णय. ताप एकाआड येत नाही म्हणून हिवताप नाही, असे म्हणणे तर फाल्सिपारमच्या बाबतीत जिवावर बेतू शकते.

मग रेषेला आता अर्थ उरला आहे काय? उरला आहे, पण तो बदलला आहे. कोणता रोग, हे ती आता क्वचितच सांगते. रोग कोठे चालला आहे, हे ती अजूनही सांगते. आपल्या शहरात पावसाळ्यानंतर डेंग्यूचे रोगी येतात. त्यात साधारणतः तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि घरचे लोक निर्धास्त होतात. केशवाहिन्यांतून रक्तद्रव पाझरून रोगी कोसळण्याचा धोका नेमका त्याच वेळी असतो. ताप उतरल्यावर पोटात दुखणे, वारंवार उलट्या, हातपाय गार पडणे, नाडी जलद व क्षीण होणे, यांपैकी काही दिसले, तर तो ताप गेलेला नाही असेच समजून रोग्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या मुलाच्या तक्त्याने दिले. दोन बिंदूंच्या मध्ये एक गोळी होती, आणि ती मी विचारली नव्हती. एका रेषेच्या जोडीला दुसरी रेषा होती, आणि ती मी काढली नव्हती. ती काढणाऱ्या सिस्टरने पुढे निवृत्त होईपर्यंत वॉर्डातील प्रत्येक तक्त्यावर तांबडी रेषा आपल्या हाताने काढली. तिच्यानंतर त्या वॉर्डात तो नियम झाला. मी निवृत्त झालो, त्या दिवशीही शेवटच्या फेरीत प्रत्येक तक्त्यावर दोन रेषा होत्या, एक काळी आणि एक तांबडी.